ठिपका कुठे आहे आणि कधीपासून आहे

फोटो खरा की खोटा, तो अमुक कॅमेऱ्याने काढला की नाही, अशा वादांत अडकलेल्या वाचकांची पत्रे या वेळी बरीच आली. त्यांतल्या बहुतेकांच्या काळजीचे मूळ एकच आहे : फोटोत दिसणारा किंवा न दिसणारा एक बारीक रंगीत ठिपका. म्हणून या वेळचे समाधान त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबांना तडे गेले आहेत. मी सोसायटीचा सचिव या नात्याने गेली दोन वर्षे माझ्या जुन्या डीएसएलआरने त्यांचे फोटो काढत आलो. आता सभेत एका सभासदाने आक्षेप घेतला, की काही फोटोंत एक लाल ठिपका आहे आणि काहींत नाही, म्हणजे हे फोटो दोन वेगळ्या कॅमेऱ्यांचे आहेत आणि सचिव खोटे बोलतात. कॅमेरा एकच आहे हो! सेन्सर खराब झाला म्हणून माझे सगळे फोटो बाद ठरतील का? रात्रीची झोप उडाली आहे. — एक वाचक, खांदेश्वर

उत्तर : आपण निश्चिंत राहावे. ठिपका काही फोटोंत दिसणे आणि काहींत न दिसणे, हे एकाच कॅमेऱ्याचे अगदी नेहमीचे लक्षण आहे. सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती) लाखो बारीक घरांचा बनलेला असतो. प्रत्येक घरात प्रकाशाशिवायही थोडी विद्युतगळती होत असते. एखाद्या घरात ती इतरांपेक्षा फार जास्त असली की ते घर अंधारातही उजळते. त्याला हॉट पिक्सेल (आपोआप पेटणारा बिंदू) म्हणतात. गळती वेळेनुसार साठत जाते, म्हणून शटर दोन-चार सेकंद उघडे राहिले तर ठिपका उठून दिसतो आणि शटरचा वेग सेकंदाचा दोनशेवा भाग असेल तर तो जवळजवळ नाहीसा होतो. शिवाय तापमान सहा ते आठ अंशांनी वाढले की ही गळती साधारण दुप्पट होते. आपले मे महिन्यातले, संध्याकाळी तिपाईवर कॅमेरा ठेवून काढलेले फोटो आणि जानेवारीत सकाळच्या उजेडात काढलेले फोटो शेजारी ठेवा, फरक कुठून आला ते लक्षात येईल.

डेड पिक्सेल (प्रकाशाला दादच न देणारा बिंदू) याच्या उलट वागतो. तो अंधाऱ्या फोटोत लपतो आणि पांढऱ्या भिंतीवर, आकाशावर काळा ठिपका म्हणून दिसतो. तेव्हा सभासदांना आपण एवढेच दाखवावे : ज्या फोटोंत ठिपका आहे त्यांचा शटरवेग आणि आयएसओ (संवेदनशीलतेचा आकडा) काय आहे, आणि ज्यांत नाही त्यांचा काय आहे. ही माहिती फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेली असते. ठिपके असलेल्या सर्व फोटोंत ते एकाच जागी आहेत का, हेही पाहावे. तसे असेल तर आक्षेपाचा मुद्दाच आपल्या बाजूने फिरतो. खांब धोकादायक आहेत की नाहीत, हे मात्र फोटोवरून ठरवू नका. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरची पाहणी लागेल, आणि ती या वादापेक्षा तातडीची आहे.

प्रश्न : माझ्या मुलीच्या सर्व फोटोंत गालावर एक हिरवा ठिपका दिसतो, जुन्या फोटोंतही! कॅमेरा गेला म्हणायचा का? — एक आई, नवीन पनवेल

उत्तर : फोटो मोठा करून इकडेतिकडे सरकवा. ठिपका फोटोबरोबर सरकला नाही, पडद्यावर जागच्या जागी राहिला, तर दोष आपल्या पडद्याचा आहे. कॅमेरा आणि फोटो दोन्ही ठीक आहेत. सर्व फोटोंत चेहऱ्यावर नेमका गालावरच ठिपका येतो, असे आपण लिहिता. चेहरा दर वेळी चौकटीत त्याच जागी नसतो, त्यामुळे फोटो सरकवून पाहिल्याशिवाय कॅमेऱ्याला दोष देऊ नये.

प्रश्न : खांदेश्वर तलावावर विसर्जनाच्या रात्री मी तिपाई लावून काढलेला फोटो एका व्यक्तीने स्वतःचा म्हणून स्पर्धेत दिला. माझ्याकडे मूळ रॉ फाइल आहे, पण तो म्हणतो माझ्याकडेही होती, कार्ड खराब झाले. त्याच्या फोटोच्या कडा कापलेल्या आहेत. मोठा करून पाहिल्यावर त्यात मला एक लाल आणि एक निळा ठिपका सापडला आणि माझ्या फोटोतही तसेच दोन आहेत. हे दाखवून मला न्याय मिळेल का, की हा योगायोग म्हणून लोक उडवून लावतील? — एक हौशी छायाचित्रकार, खांदेश्वर

उत्तर : आपली मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता जतन केलेली नोंद) हाच आपला सर्वांत मोठा पुरावा आहे. कापलेल्या फोटोच्या बाहेरचा भाग ज्याच्याकडे आहे, त्याचा दावा स्वाभाविकपणे वजनदार ठरतो. ठिपके हे त्याला दिलेले टेकू आहेत. पण ते नीट तपासले तर भक्कम टेकू आहेत, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

आपण पाठवलेले आकडे असे आहेत. आपला फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा आहे. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून शून्याने मोजले तर लाल ठिपका आडवा ४२१६ आणि उभा १३०६ येथे आहे, निळा १८८३ आणि २९५१ येथे. त्याच्या कापलेल्या फोटोत लाल ३६१६ आणि ५०६ येथे आहे, निळा १२८३ आणि २१५१ येथे. जागा वेगळ्या आहेत म्हणून घाबरू नका. दोन ठिपक्यांमधले अंतर पाहा : दोन्ही फोटोंत आडवे अंतर २३३३ आणि उभे अंतर १६४५ आहे. म्हणजे डावीकडून ६०० आणि वरून ८०० पिक्सेल कापले गेले आहेत, एवढाच याचा अर्थ. हा हिशेब चित्राशीही जुळला पाहिजे. आपल्या फोटोतला एखादा दिवा किंवा पायरीचा कोपरा घ्या. त्याच्या फोटोत तोही बरोबर ६०० आणि ८०० नेच सरकलेला असायला हवा.

फोटो उभा काढलेला असेल तर आकडे बदलतात. चौकट उजवीकडे फिरवली की आडवा ४२१६, उभा १३०६ या जागेचा ठिपका आडवा २६९३, उभा ४२१६ येथे जातो (३९९९ मधून १३०६ वजा). डावीकडे फिरवली तर तो आडवा १३०६, उभा १७८३ येथे जातो. हे न कळल्यामुळे खरे जुळणारे ठिपके पुष्कळदा जुळत नाहीत असे वाटते. आणखी एक अडचण आहे : बरेच कॅमेरे जेपेग करताना भिंगाची वक्रता सुधारतात. त्याने कोपऱ्यांकडचे ठिपके काही पिक्सेल सरकतात, मधले फारसे नाहीत. रॉ फाइलच्या कडेला काही जादा ओळी असतात, म्हणून रॉ आणि जेपेग यांच्या आकड्यांतही सर्व ठिपक्यांना सारखाच असा थोडा फरक पडतो.

आता ठिपके खरोखर आपल्या सेन्सरचेच आहेत, हे दाखवायचे. त्यासाठी डार्क फ्रेम (पूर्ण अंधारात घेतलेला फोटो) घ्या. भिंग काढून बॉडीचे झाकण लावा, व्ह्यूफाइंडरही झाका, कारण तिथूनही उजेड शिरतो. शटरवेग आणि आयएसओ विसर्जनाच्या फोटोइतकेच ठेवा. दीर्घ एक्सपोजरसाठी असलेली नॉइज रिडक्शनची सोय बंद करा, ती चालू असेल तर कॅमेरा स्वतःच ठिपके वजा करून टाकतो. असे दहा-बारा फोटो रॉमध्ये घ्या. एखाद्याच फोटोत चमकलेला बिंदू सोडून द्या, सर्वांत चमकणारे तेवढे यादीत घ्या. रॉ फाइल नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर ते सॉफ्टवेअर ठिपके पुसण्याचा संभव आहे. म्हणून कच्चे आकडे जसेच्या तसे बाहेर काढायला ही आज्ञा वापरतात :

```
dcraw -D -4 -T DSC_0412.NEF
```

यातून निघालेली टिफ फाइल करडी दिसते, कारण तिच्यात रंग भरलेले नसतात. रंग समजतो तो जागेवरून. प्रत्येक घरावर लाल, हिरवी किंवा निळी काच ठरावीक क्रमाने बसवलेली असते. समजा क्रम लाल घरापासून सुरू होतो. मग सम ओळ आणि सम स्तंभ येथे लाल काच येते, विषम ओळ आणि विषम स्तंभ येथे निळी. आपला लाल ठिपका ४२१६, १३०६ वर म्हणजे सम-सम जागी आहे, निळा १८८३, २९५१ वर म्हणजे विषम-विषम जागी आहे. हे या क्रमाला धरून आहे. आपल्या मॉडेलचा क्रम कुठून सुरू होतो ते आधी तपासा, नाहीतर हा मुद्दा मांडू नका. जेपेगमध्ये शेजारच्या घरांकडून रंग उसने घेतले जातात, म्हणून एकच सदोष घर तिथे छोट्या रंगीत फुलीसारखे पसरलेले दिसते. हाताने रंगवलेला ठिपका सहसा असा पसरत नाही.

योगायोगाचे म्हणाल तर हिशेब करून पाहू. ६००० बाय ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख घरे. दुसऱ्या एखाद्या कॅमेऱ्यात अशा वेळी दोनशे ठिपके पेटत असतील, तर त्यांतला एक नेमका आपल्या जागी असण्याची शक्यता १ लाख २० हजारांत एक. पण आपण एक पिक्सेल इकडेतिकडे चालवून घेतला, तर नऊ जागा मोजाव्या लागतात आणि तीच शक्यता साधारण तेरा हजारांत एक होते. सूट द्याल तेवढा पुरावा पातळ होतो. दोन ठिपक्यांवर मी निकाल देणार नाही. आठ-दहा जुळले तर बोलू.

आणि एक उलटी तपासणी जरूर करा. आपल्या यादीतला प्रत्येक आकडा मुद्दाम पन्नास पिक्सेल बाजूला सरकवा आणि वादातल्या फोटोत त्या खोट्या जागी किती ठिपके सापडतात ते मोजा. तलावाच्या पाण्यात दिव्यांचे कवडसे असतात, तिथे कुठेही पाहिले तरी काहीतरी चमकलेले सापडेल. म्हणून काळ्या आकाशाचाच भाग घ्यावा. खऱ्या जागी बरेच आणि खोट्या जागी एकही नाही, असे आले तर ते सांगण्याजोगे आहे. स्पर्धेच्या आयोजकांना हे पुरेल. बक्षिसाची रक्कम किंवा स्वामित्वहक्काचा दावा असेल तर वकिलांना भेटूनच पुढचे पाऊल टाका.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एका मुलीचा नको तसा फोटो फिरला. काही जण म्हणतात तो माझ्या फोनने काढला. कुणीतरी मोठा करून दाखवले, की फोटोत कोपऱ्यात पांढरा ठिपका आहे आणि माझ्या फोनच्या फोटोंतही तसाच ठिपका आहे. मी तो फोटो काढलेला नाही. घरी सांगायची भीती वाटते. फोन रिसेट करून टाकू का? — एक विद्यार्थी, पनवेल

उत्तर : फोन रिसेट करू नका. आपण निर्दोष असाल तर फोन जसाच्या तसा असणे हीच आपली बाजू आहे. आणि घरी आजच सांगा, हे एकट्याने वाहायचे ओझे नाही.

त्या ठिपक्याविषयी : ग्रुपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा लहान केली जाते आणि पुन्हा दाबली जाते. ४००० पिक्सेलची बाजू सोळाशेच्या आसपास आली, की जुने अडीच पिक्सेल मिळून नवा एक होतो. एकट्या घराचा उजेड त्यात विरून जातो. जेपेगमध्ये चित्र आठ बाय आठच्या चौकोनांत दाबले जाते, त्यात स्वतः नवे डाग तयार होतात. त्यातून उरलेल्या पांढऱ्या ठिपक्याची जागा पिक्सेलपर्यंत अचूक सांगताच येत नाही. एका ठिपक्याच्या अंदाजे जागेवरून कुणाचा फोन ठरवणे हे शास्त्र नाही.

फोनच्या बाबतीत तर जास्तच सावध राहावे लागते. आजचे फोन एका क्लिकमध्ये अनेक फोटो घेऊन, हाताचा थरथराट जुळवून, त्यांचे एक चित्र बनवतात आणि सदोष घरे आधीच झाकतात. त्यामुळे ठिपका नसल्याने फोन सुटत नाही आणि ठिपका असल्याने अडकत नाही. प्रयोगशाळेत यापुढची पद्धत वापरतात. प्रत्येक घर प्रकाशाला किंचित कमीजास्त प्रतिसाद देते, तो सर्व घरांचा मिळून ठसा काढतात. लुकाश, फ्रिड्रिच आणि गोल्यान यांनी २००६ साली ती पद्धत मांडली. सदोष बिंदूंवरून कॅमेरा ओळखण्याचा विचार नेदरलँड्सच्या न्यायवैद्यक संस्थेतल्या गेराड्स आणि सहकाऱ्यांनी २००१ सालीच मांडला होता. ठशाची पद्धत आल्यावर ठिपके दुय्यम साक्षीदार झाले.

पालकांबरोबर वकिलांना भेटा आणि मग पोलीस ठाण्यात जा. तक्रार cybercrime.gov.in वरही नोंदवता येते. त्या मुलीलाही हाच मार्ग आहे, आणि तो फोटो आपण कुणालाही, पुरावा म्हणूनसुद्धा, पुढे पाठवू नका. फोनची तपासणी लागलीच तर ती पोलीस किंवा न्यायालयामार्फत न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होईल. महाराष्ट्राची मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिना येथे आहे. ग्रुपवरच्या मित्रांच्या तपासाला उत्तर देत बसू नका.

प्रश्न : भावकीतल्या जमिनीच्या दाव्यात मी कुंपणाचे फोटो दिले आहेत. समोरचे म्हणतात, फोटो नंतर काढून तारीख मागची टाकली. मधल्या काळात मी कॅमेरा सर्व्हिसिंगला दिला होता. परत आल्यापासून जुने ठिपके गेले! आता माझा एकमेव पुरावा पुसला गेला का? — एक वाचक, पनवेल तालुका

उत्तर : पुसला गेलेला नाही. सदोष घर सहसा बरे होत नाही, सर्व्हिसिंगमध्ये फक्त त्याचे नाव यादीत चढते. याला मॅपिंग (सदोष घराऐवजी शेजाऱ्यांवरून रंग भरण्याची सोय) म्हणतात. कारखान्यातून निघताना प्रत्येक सेन्सरची अशी यादी बनवलेलीच असते, म्हणून नवा कॅमेरा निर्दोष दिसतो. काही कॅमेऱ्यांत ही सोय मेनूमध्येच असते, काही ती आपोआप करतात. त्यामुळे आजच्या कॅमेऱ्यात ठिपका नाही, एवढ्यावरून जुना फोटो त्या कॅमेऱ्याचा नाही असे कुणालाही म्हणता येणार नाही. त्या काळातले घरगुती फोटो, वाढदिवसाचे, सहलीचे, गोळा करा. त्यांतल्या कमी उजेडातल्या फोटोंत ठिपके त्याच जागी सापडतील.

आपल्या प्रश्नात यापेक्षा महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे, ती म्हणजे काळ. नवे दोष कॅमेरा वापरात असताना एकेक करून जन्माला येतात. अवकाशातून येणाऱ्या कणांचा मारा हे त्याचे मुख्य कारण समजले जाते. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातले ग्लेन चॅपमन आणि सहकारी यांनी अनेक कॅमेरे वर्षानुवर्षे तपासले, तेव्हा दोष साधारण एकसारख्या गतीने वाढतात आणि सेन्सरभर विखुरलेले असतात असे दिसले. २०११ साली फ्रिड्रिच आणि गोल्यान यांनी याच गुणावरून फोटोचा अंदाजे काळ काढण्याची रीत दिली. तत्त्व सोपे आहे. समजा आपल्या घरगुती फोटोंत एक ठिपका २०२१ च्या दिवाळीपर्यंत कुठेच नाही आणि २०२२ च्या होळीपासून सगळीकडे आहे. मग २०२० ची तारीख असलेल्या कुंपणाच्या फोटोत तो असेल तर तारीख चुकीची आहे. नसेल तर तारखेला आधार मिळतो, पण तो कच्चा, कारण भर उन्हात काढलेल्या फोटोत ठिपका असूनही दिसत नाही. कुंपणाचे फोटो दुपारचे असतील तर या रीतीकडून फार अपेक्षा ठेवू नका. डेड पिक्सेल असेल तर तो आकाशाच्या भागात शोधा, दुपारच्या फोटोत तोच उपयोगी पडतो.

कायद्याची बाजू वकिलांकडूनच समजून घ्यावी. तयारीसाठी एवढे सांगतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे आणि त्याच्या कलम ६३(४) खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्यात एक भाग नोंद सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा असतो. फाइलचा हॅश (फाइलमधला एक बिंदू बदलला तरी बदलणारा अंकठसा) त्यात लिहायचा असतो. विंडोजवर तो असा काढता येतो :

```
certutil -hashfile DSC_0412.NEF SHA256
```

याआधीच्या कायद्यात हीच अट कलम ६५ब मध्ये होती. त्या अटीवरचा महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याच्या दाव्यातून आला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले की नाही, हा वाद होता आणि निवडणूक कार्यालयातले चित्रीकरण हा पुरावा होता. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या दाव्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रतीसोबत प्रमाणपत्र आवश्यकच आहे. मात्र मूळ उपकरणच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर त्याची गरज नाही. म्हणून तो कॅमेरा विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका. मूळ कार्ड कॅमेऱ्यात परत न घालता लिफाफ्यात बंद ठेवा. सर्व्हिसिंगची पावती आणि तारीख सांभाळा, कारण ठिपके कोणत्या दिवसापासून गेले याचे लेखी उत्तर तीच देते. यापुढे कॅमेरा दुरुस्तीला द्यायची वेळ आली तर आधी घरी डार्क फ्रेम काढून ठेवा, आणि मॅपिंग करू नये असे दुरुस्तीच्या अर्जावर लिहून द्या.